निधीदात्याच्या प्रगती अहवालाचा मराठी अनुवाद: तक्ते आधी, सारांश शेवटी

इंग्रजी प्रगती अहवाल मराठीत आणायचा म्हटला की बहुतेक जण पहिल्या पानापासून सुरुवात करतात. पहिल्या पानावर सारांश असतो. सारांशात ‘७८ टक्के’ असे आकडे असतात, पण ते कशाचे टक्के आहेत हे तिथे नीट सांगितलेले नसते. ते मागच्या तक्त्यांत असते. अनुवादक तक्त्यापाशी पोहोचतो तोवर सारांशात त्या आकड्याला एक नाव देऊन झालेले असते. तक्त्यात त्यालाच दुसरे नाव मिळते आणि मधल्या निवेदनात तिसरे. मग संस्थेचे विश्वस्त विचारतात, ‘मुलांपैकी ७८ टक्के की लक्ष्याच्या ७८ टक्के?’ आणि उत्तर देणारा कार्यकर्ता गोंधळतो, कारण त्याच्या हातात मराठी प्रत असते, इंग्रजी नव्हे.

म्हणून इथे कामाचा क्रमच उलटा दिला आहे. आधी कागदपत्रे, मग संज्ञा, मग निर्देशकांचे तक्ते, मग हिशेब, त्यानंतर निवेदन आणि ‘काय शिकलो’ हा भाग. सारांश सर्वांत शेवटी.

समजावण्यापुरता एक काल्पनिक अहवाल धरू. लहान मुलांच्या आहारावर काम करणारी एक संस्था आहे. तिला तीन वर्षांचे अनुदान मिळाले आहे, रकमा युरोमध्ये आहेत आणि पहिल्या वर्षाचा अहवाल आपल्यासमोर आहे. पुढचे सगळे आकडे याच बनवलेल्या उदाहरणातले आहेत.

## १. शब्दाला हात लावण्याआधी कागद मागून घ्या

फक्त अहवालाची फाइल घेऊन काम सुरू करू नका. अहवाल हा आधीच्या कागदपत्रांना दिलेले उत्तर असते, आणि प्रश्न माहीत नसेल तर उत्तराचा अनुवाद चुकतो. किमान एवढे मागा: अनुदानाचा करार आणि त्यातील अंदाजपत्रक, प्रकल्पाची लॉगफ्रेम म्हणजे उद्दिष्टे व निर्देशकांची चौकट, प्रत्येक निर्देशकाची व्याख्या देणारे पत्रक, आणि आधीचा मराठी अहवाल असल्यास तो.

यांतले व्याख्यापत्रक सर्वांत मोलाचे आणि नेमके तेच पाठवायचे राहून जाते. त्यात निर्देशक कसा मोजला, भागाकारात वर काय आणि खाली काय, कुणाला मोजले आणि कुणाला वगळले हे लिहिलेले असते. अहवालाच्या तक्त्यात निर्देशकाचे नाव एका ओळीत कोंबलेले असते. ती ओळ सोडवायची किल्ली या पत्रकात असते.

याच वेळी दोन गोष्टी विचारून लेखी घ्या. पहिली, मराठी प्रत कोण वाचणार आहे: विश्वस्त, भागीदार संस्था, कार्यकर्ते की प्रकल्पात सहभागी झालेली कुटुंबे? दुसरी, दोन प्रतींत फरक निघाला तर कोणती ग्राह्य धरायची? बहुधा इंग्रजी प्रतच अधिकृत असते. तसे असेल तर मराठी प्रतीच्या पहिल्या पानावर तशी एक ओळ टाकण्याचा आग्रह धरा.

सावध: अहवाल अंतिम आहे की मसुदा, हे फाइलच्या नावावरून ठरवू नका. लेखा विभागाकडून शेवटच्या आठवड्यात आकडे बदलून येतात. ‘अंदाजपत्रकाचा तक्ता आता बदलणार नाही’ असे लेखी आल्याशिवाय हिशेबाचा भाग हाती घेऊ नका. तोवर निर्देशकांचे काम करा.

## २. संज्ञांचा एक छोटा तक्ता करा आणि मान्य करून घ्या

इथे दोनशे शब्दांचा कोश नको. पंधरा-वीस संज्ञा पुरतात, पण त्या काम सुरू होण्याआधी संस्थेकडून मान्य झालेल्या हव्यात.

मुख्य अडचण ‘परिणाम’ या शब्दाची आहे. आउटपुट, आउटकम आणि इम्पॅक्ट या तिन्हींना मराठीत सहज ‘परिणाम’ म्हटले जाते, आणि मग अहवालाचा कणाच मोडतो. प्रशिक्षण झाले, पुस्तिका वाटल्या, हे संस्थेच्या हातातले काम. त्यामुळे लोकांच्या वागण्यात किंवा स्थितीत बदल झाला, ही पुढची पायरी. आणि कुपोषण कमी झाले, ही त्याहून लांबची पायरी, जिच्यावर इतरही अनेक गोष्टींचा प्रभाव असतो. मी यांना अनुक्रमे ‘थेट फलित’, ‘निष्पत्ती’ आणि ‘दूरगामी परिणाम’ म्हणते. ‘अध्ययन निष्पत्ती’मुळे निष्पत्ती हा शब्द शिक्षण क्षेत्रातल्या लोकांना तरी ओळखीचा आहे. पण संस्थेत ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ हेच शब्द रोज बोलले जात असतील तर देवनागरीत तेच ठेवा. शब्द कोणता यापेक्षा तीन पायऱ्यांना तीन वेगळे शब्द असणे महत्त्वाचे.

आधीच्या मराठी अहवालात वेगळा शब्द वापरला असेल आणि तो चुकीचा नसेल, तर तोच चालू ठेवा, तुम्हाला आवडो वा न आवडो. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवणाऱ्याला निर्देशकाचे नाव बदलले की निर्देशकच बदलला असे वाटते.

## ३. निर्देशकांचा तक्ता: नाव, छेद आणि कोणते टक्के

सर्वांत जास्त वेळ इथे जाऊ द्या.

आपल्या उदाहरणातला निर्देशक आहे किमान आहार-विविधतेचा. लहान मुलांच्या आहाराच्या प्रकल्पांत तो नेहमी भेटतो. तक्त्यात त्याचे इंग्रजी नाव चार-पाच शब्दांचे असते आणि अनुवादक लिहून मोकळा होतो: ‘सकस आहार मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण’. व्याख्या उघडली की कळते, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या सध्याच्या व्याख्येनुसार ६ ते २३ महिने वयाच्या ज्या मुलांनी आदल्या दिवशी ८ पैकी किमान ५ अन्नगटांतले काही ना काही खाल्ले, त्यांचे हे प्रमाण आहे. त्या आठ गटांत आईचे दूधही एक गट म्हणून मोजले जाते. यात किती खाल्ले ते नाही, रोज खाल्ले का ते नाही, ‘सकस’ तर नाहीच नाही. मापन फक्त आदल्या दिवसाचे आणि फक्त विविधतेचे आहे.

मग तक्त्यात नाव कसे लिहायचे? चौकटीत मावेल एवढे आणि खोटे न बोलणारे: ‘किमान आहार-विविधता असलेली ६ ते २३ महिन्यांची मुले (%)’. पूर्ण व्याख्या तक्त्याखालच्या टिपेत द्या, मात्र मूळ अहवालात ती नसेल तर संस्थेला विचारून. वयाबाबतही सांभाळा. ‘दोन वर्षांखालील मुले’ असे लिहिले की सहा महिन्यांखालची बाळेही त्यात शिरतात, आणि त्यांनी या अन्नगटांतले इतर काही खाणे अपेक्षितच नाही.

आता आकडे पाहू. तक्त्यात चार रकाने आहेत: प्रकल्प सुरू होतानाची पायाभूत स्थिती २२ टक्के, पहिल्या वर्षाचा टप्पा २८ टक्के, प्रकल्पाअखेरचे लक्ष्य ४० टक्के आणि प्रत्यक्ष साध्य ३१ टक्के. याच चार आकड्यांवरून अहवाल लिहिणारा पाच वेगवेगळी वाक्ये लिहू शकतो आणि पाचही खरी असतात.

पहिले: प्रमाण ९ टक्के-अंकांनी वाढले, कारण ३१ वजा २२ म्हणजे ९. दुसरे: प्रमाण मूळच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी वाढले, कारण ९ हे २२ च्या सुमारे ४१ टक्के आहेत. तिसरे: अंतिम लक्ष्याच्या ७७.५ टक्के गाठले, कारण ३१ ला ४० ने भागले. चौथे: नियोजित बदलाचा निम्मा पल्ला गाठला, कारण २२ ते ४० हे १८ अंकांचे अंतर आहे आणि त्यांतले ९ पार झाले. पाचवे: वर्षाच्या टप्प्यापेक्षा ३ टक्के-अंक जास्त साध्य झाले.

मराठीत पहिल्या वाक्याचे ‘९ टक्क्यांनी वाढले’ होते आणि तिथेच ते चुकते. २२ ची ९ टक्के वाढ म्हणजे जेमतेम २४. दोन टक्केवारींमधला फरक सांगायचा असेल तेव्हा ‘टक्के-अंक’ लिहा. हा शब्द वाचकांना जड वाटेल अशी शंका असेल तर सरळ ‘२२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले’ असे लिहा. मला हीच रचना जास्त पसंत आहे, तिच्यात चुकायला जागा उरत नाही.

तिसरे वाक्य त्याहून धोक्याचे. ‘७७.५ टक्के साध्य’ एवढेच मराठीत उतरले, की वाचणारा समजतो ७७.५ टक्के मुलांना विविध आहार मिळतो. प्रत्यक्षात मुले ३१ टक्केच आहेत. टक्केवारीच्या आधी ‘कशाच्या’ हे उत्तर लिहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नका: मुलांच्या, लक्ष्याच्या, टप्प्याच्या, मूळ प्रमाणाच्या.

टप्पा आणि लक्ष्य या दोन रकान्यांना दोन वेगळी नावे द्या. दोन्हींना ‘उद्दिष्ट’ म्हटले तर एकच प्रकल्प एका पानावर यशस्वी आणि दुसऱ्या पानावर मागे पडलेला दिसतो. आपल्या उदाहरणात नेमके तसेच आहे: टप्पा ओलांडला आहे, लक्ष्य अजून दूर आहे.

यापुढचा प्रश्न छेदाचा. समजा पाहणी ४०० मुलांची झाली आणि त्यांतल्या १२४ मुलांनी निकष पूर्ण केला. प्रकल्पात मात्र ५,२०० मुले आहेत. ‘प्रकल्पातील ३१ टक्के मुले’ असे लिहिले की वाचक ५,२०० चा हिशेब करतो आणि १,६१२ मुले मोजून झाली असे समजतो. इंग्रजीत ‘पाहणी केलेल्या मुलांपैकी’ अशा अर्थाचे एखादे विशेषण शब्दाला चिकटलेले असते. ते मराठी वाक्यात सर्वांत आधी गळून पडते. ते सांभाळा.

असाच घोळ माणसे आणि हजेरी यांचा होतो. १,८६० ही सत्रांमधली एकूण हजेरी असेल आणि वेगवेगळ्या व्यक्ती ६४० असतील, तर ‘१,८६० जणांना प्रशिक्षण’ हे वाक्य सरळ खोटे आहे. आकडा या वर्षाचा की सुरुवातीपासूनचा एकत्रित, हेही रकान्याच्या मथळ्यात स्पष्ट हवे. ‘अहवाल काळात’ आणि ‘आजवर एकूण’ असे दोन मथळे पुरतात.

तपासा: तक्त्याची एक ओळ कोऱ्या कागदावर घ्या आणि मूळ न पाहता, फक्त मराठीवरून हे चार प्रश्न सोडवा: कुणाला मोजले, कितीपैकी, कधीपासून कधीपर्यंत, आणि कशाशी तुलना? एकाचेही उत्तर मिळाले नाही तर ओळ अपुरी आहे.

सावध: मूळ तक्त्यात चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करू नका. बेरीज जुळत नाही, टक्केवारी चुकली आहे, अशा प्रत्येक गोष्टीची नोंद शंकांच्या यादीत करा: पान, ओळ, मूळ आकडा, तुमचा ताळा आणि प्रश्न. दुरुस्ती संस्था करेल, आणि ती दोन्ही प्रतींत करेल. फक्त मराठीत दुरुस्त झालेली चूक लेखापरीक्षणात दुसऱ्या चुकीसारखीच दिसते.

## ४. निधीचा विनियोग: चार रकमा वेगळ्या ठेवा

हिशेबाचा तक्ता छोटा दिसतो, म्हणून लोक तो शेवटच्या संध्याकाळी उरकतात. त्यात शब्द थोडे असतात हे खरे, पण प्रत्येक शब्दामागे एक रक्कम उभी असते.

आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षासाठी मंजूर रक्कम १,२०,००० युरो. त्यांतले १,००,००० संस्थेच्या खात्यात आले. प्रत्यक्ष खर्च ८४,०००. शिवाय ९,६०० युरोच्या साहित्याची मागणी नोंदवली आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. या चार रकमांना चार नावे: मंजूर निधी, प्राप्त निधी, प्रत्यक्ष खर्च, बांधील खर्च.

आता ‘विनियोग किती टक्के’ या प्रश्नाची तीन उत्तरे निघतात. मंजूर निधीच्या तुलनेत ७० टक्के. प्राप्त निधीच्या तुलनेत ८४ टक्के. बांधील खर्च धरून, मंजूर निधीच्या तुलनेत ७८ टक्के. निधी देणाऱ्या संस्था यांपैकी वेगवेगळी रीत वापरतात, आणि कोणती वापरली आहे ते करारात किंवा तक्त्याच्या तळटिपेत असते. तुम्ही रीत ठरवायची नाही, ओळखायची आहे. टक्केवारी स्वतः काढून पाहा. ज्या भागाकाराने ती जुळते, त्यावरून मथळा लिहा. तरीही शंकांच्या यादीत एक ओळ टाका, कारण आकडे योगायोगानेही जुळतात.

योगायोगाचा नमुना इथेच आहे. बांधील खर्चासह विनियोग ७८ टक्के, आणि लक्ष्यपूर्ती ७७.५, म्हणजे पूर्णांकात तीही ७८. सारांशात हे दोन ‘७८ टक्के’ शेजारी येतील, आणि ज्याने तक्ते आधी केले नाहीत त्याला ते एकाच गोष्टीबद्दल वाटतील.

‘वितरित’ या अर्थाच्या शब्दाबाबत थांबून विचार करा. निधीदात्याने संस्थेला पाठवलेली रक्कम तो शब्द दाखवतो, आणि संस्थेने भागीदार संस्थांना दिलेली रक्कमही तोच शब्द दाखवतो. मराठीत ‘वितरित निधी’ एवढेच ठेवले तर कुणी कुणाला दिला ते हरवते. ‘निधीदात्याकडून प्राप्त’ किंवा ‘भागीदारांना दिलेला’ असे लिहा.

तफावतीच्या रकान्यात कंसातले आकडे येतात. प्रवासाच्या शीर्षावर १२,००० मंजूर होते, खर्च १५,२०० झाला, आणि तफावत (३,२००) अशी छापली आहे. हिशेबात कंस म्हणजे उणे. ज्यांना ही पद्धत माहीत नाही अशा वाचकांना तो कंस सजावट किंवा टीप वाटतो. वाचक कार्यकर्ते असतील तर उणे चिन्ह लावा किंवा ‘३,२०० जादा खर्च’ असे लिहा, आणि संपूर्ण तक्त्यात एकच रीत ठेवा. एक गोष्ट आधी पाहून घ्या: काही तक्ते मंजुरीतून खर्च वजा करतात, काही खर्चातून मंजुरी. उणे म्हणजे जादा खर्च की बचत, हे एका ओळीची वजाबाकी करून ठरवा.

एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवण्याला ‘पुनर्विनियोजन’ हा कार्यालयीन शब्द आहे. तो वापरला तरी पुढचे क्रियापद जपा. मंजुरी मागितली, मिळाली की मिळेल असे गृहीत धरले, या तीन वेगळ्या स्थिती आहेत. ‘पुनर्विनियोजन करण्यात आले’ या वाक्यात तिन्ही लपतात, आणि लेखापरीक्षक त्याच ठिकाणी बोट ठेवतो.

लाख-कोटींचा बदल करताना दोन गोष्टी पाळा. तक्त्याच्या कोपऱ्यात ‘रकमा हजारांत’ अशी बारीक ओळ असेल तर ती मराठीतही तिथेच राहिली पाहिजे, नाहीतर ८४ हजारांचे ८४ युरो होतात. आणि मुळात १.३ दशलक्ष अशी पूर्णांकाकडे नेलेली रक्कम असेल तर ‘सुमारे १३ लाख’ लिहा, १३,००,००० नव्हे. शून्ये लिहिली की अंदाज हा हिशेब वाटू लागतो. चलनाचे रूपांतर तर अजिबात करू नका. कोणत्या तारखेचा दर धरायचा हा लेखा विभागाचा प्रश्न आहे.

स्प्रेडशीटमध्ये काम करत असाल तर सूत्रे असलेल्या चौकटींना हात लावू नका, फक्त मथळे आणि टिपा अनुवादित करा. चौकटीत देवनागरी अंक टंकले तर ते आकडा न राहता मजकूर होण्याची भीती असते, आणि बेरीज मुकाट्याने कमी येते. शंका असल्यास बाजूच्या रिकाम्या चौकटीत हे टाका. उत्तर `FALSE` आले तर तो आकडा उरलेला नाही:

```
=ISNUMBER(C7)
```

लाखांचे स्वल्पविराम हवे असतील तर आकडे पुन्हा टंकू नका, चौकटीचे स्वरूप बदला:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

या स्वरूपाची एक मर्यादा आहे. उणे आकडे त्याच्या शेवटच्या भागात पडतात, त्यामुळे उणे दीड लाख `-150,000` असे दिसू शकतात. तफावतीचा रकाना म्हणून वेगळा तपासा.

तपासा: मराठी तक्त्यातली प्रत्येक उभी बेरीज कॅल्क्युलेटरवर करा. मग तीच रक्कम निवेदनात जिथे जिथे आली आहे तिथे खूण करा. पुढच्या टप्प्यात ती खूण लागेल.

## ५. निवेदन

तक्ते झाल्यावर हा भाग सोपा जातो, म्हणून याबद्दल थोडेच. आकडा आला की मुळातून नव्हे, तुमच्या मान्य झालेल्या मराठी तक्त्यातून उचला. दोन्ही जुळले नाहीत तर मुळातच विसंगती आहे, ती यादीत जाईल.

कार्यकारणाचे शब्द वजन करून निवडा. मूळ लेखक ‘हातभार लागला’ या अर्थाचे क्रियापद जाणूनबुजून वापरतो, कारण बदल आपल्यामुळेच झाला असा दावा करण्याइतका पुरावा त्याच्याकडे नसतो. मराठीत ‘प्रकल्पामुळे प्रमाण वाढले’ हे वाक्य सहज येते आणि दावा वाढवून ठेवते. ‘प्रमाण वाढण्यास प्रकल्पाचा हातभार लागला’ एवढेच लिहा.

तिमाही कोणती हेही बघा. प्रकल्पाची तिसरी तिमाही, आर्थिक वर्षाची आणि कॅलेंडरची या वेगळ्या असू शकतात. करारात तारखा असतील तर संस्थेच्या संमतीने महिन्यांची नावे लिहा.

## ६. ‘काय शिकलो’ हा भाग

या भागाचे दोन प्रकारे नुकसान होते. एक तर कार्यालयीन मराठीत तो इतका गुळगुळीत होतो की काय घडले तेच कळत नाही. किंवा अनुवादक कार्यकर्त्यांची बाजू घेऊन अपयश सौम्य करतो. दुसरा प्रकार चांगल्या हेतूने होतो, म्हणून जास्त भेटतो.

आधी परिच्छेदाची चिरफाड करा. प्रत्येक शिकवणीत साधारण चार भाग असतात: काय दिसले, का झाले, काय बदलले, आणि त्याचा किती भरवसा. मूळ वाक्य लांबलचक असते आणि हे चारही भाग एकात गुंफलेले असतात. पेन्सिलीने त्यांना १ ते ४ क्रमांक द्या. एखादा भाग मुळात नसेल तर मराठीतही नसेल. कारण ओघात सुचले म्हणून भरू नका.

आपल्या अहवालात अशा आशयाचे वाक्य आहे: दुपारच्या सत्रांना उपस्थिती अपेक्षेपेक्षा कमी होती, मुलांना सांभाळणारे अनेक जण तेव्हा मोबदल्याच्या कामावर असत, म्हणून तिसऱ्या तिमाहीपासून सत्रे पहाटेनंतर लगेच घेतली, आणि उपस्थिती सुधारलेली दिसते, पण माहिती मर्यादित आहे.

पहिल्या हाताचा मराठी खर्डा बहुधा असा येतो:

‘सत्रांमधील अल्प उपस्थितीच्या पार्श्वभूमीवर मातांच्या सोयीनुसार वेळेचे पुनर्नियोजन करण्यात आले असून त्याद्वारे उपस्थितीत लक्षणीय वाढ झाली आहे.’

वाक्य कार्यालयीन कानाला बरे वाटते, पण त्यात काय काय बदलले पाहा. ‘दुपारच्या’ गेले, म्हणजे धडाच गेला. कारण गेले. मुलांना सांभाळणारे म्हणजे आजी, वडील, मोठी भावंडेही असू शकतात. त्यांच्या जागी फक्त माता आल्या. ‘दिसते’ची खात्री झाली, ‘लक्षणीय’ कुठूनतरी उगवले, आणि माहिती अपुरी असल्याची कबुली पुसली गेली. ‘लक्षणीय’ शब्दाचा तर पाहणीच्या भाषेत ठराविक अर्थ आहे: फरक केवळ योगायोगाने आला असण्याची शक्यता फार कमी आहे हे संख्याशास्त्राने तपासले, असा. ती तपासणी झाली नसेल तर तो शब्द वापरूच नका.

दुरुस्त वाक्ये अशी होतील:

‘दुपारच्या सत्रांना अपेक्षेपेक्षा कमी लोक आले, कारण मुलांना सांभाळणारे अनेक जण त्या वेळी मोबदल्याच्या कामावर असत. म्हणून तिसऱ्या तिमाहीपासून सत्रे पहाटेनंतर लगेच घेण्यात आली. त्यानंतर उपस्थिती सुधारल्याचे दिसते. मात्र याबाबतची माहिती अजून मर्यादित आहे.’

एका वाक्याची चार झाली, आणि ते योग्यच आहे. ‘मोबदल्याच्या कामावर’ ऐवजी ‘मजुरीला’ लिहिण्याचा मोह होईल. तो शब्द जिवंत आहे, पण मुळात कामाचा प्रकार सांगितलेला नाही. काही जण पगारी नोकरीतही असतील. संस्थेला विचारा. तिने होकार दिला तर जरूर ‘मजुरीला’ लिहा.

शिकवण आणि शिफारस यांची सरमिसळ हीदेखील नेहमीची चूक. ‘सत्रे सकाळी घेतल्याने लोक येऊ शकले’ ही शिकवण. ‘पुढील प्रकल्पांत सत्रे सकाळी घ्यावीत’ ही शिफारस. इंग्रजीत दोन्ही एकाच साच्यात येतात, आणि मराठीत ‘घेणे आवश्यक आहे’ असे लिहिले की शिकवणीचा हुकूम होतो. निधीदाता पुढच्या वर्षी विचारतो, ही शिफारस का पाळली नाही?

सावध: व्यक्ती ओळखू येईल असा तपशील या भागात डोकावतो. इंग्रजी प्रत परदेशी कार्यालयात वाचली जाते, तिथे ‘एका केंद्रातील पर्यवेक्षिका’ निनावी राहते. मराठी प्रत त्याच परिसरात फिरणार असते, आणि तिथे ती कोण हे सर्वांना कळते. असे वाक्य आले की अनुवाद थांबवून संस्थेला कळवा.

तपासा: मराठी परिच्छेद क्षेत्रात काम करणाऱ्या एकाला वाचून दाखवा आणि त्याने काय समजले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. त्याच्या सांगण्यात ते चारही भाग आले पाहिजेत. ‘काहीतरी वेळ बदलली’ एवढेच आले तर पुन्हा लिहा.

## ७. आता सारांश

सारांशातले प्रत्येक वाक्य आत कुठेतरी सविस्तर आलेले असते. ते शोधा, तुमचे मराठी वाक्य घ्या आणि आखूड करा. मूळ सारांशावरून नव्याने अनुवाद करू नका. आखूड करताना टक्केवारीच्या आधीचा ‘कशाच्या’ आणि ‘सुमारे’, ‘दिसते’ असे शब्द कापू नका. आपल्या उदाहरणातले दोन ‘७८’ इथे शेजारी येतील. एकाला ‘अंतिम लक्ष्याच्या’ आणि दुसऱ्याला ‘बांधील खर्च धरून मंजूर निधीच्या’ असे पूर्ण नाव द्या. ओळ लांबली तरी चालेल.

सारांशातला एखादा आकडा आत कुठेच सापडत नाही, असेही होते. बहुधा तो जुन्या मसुद्यातून राहिलेला असतो. यादीत टाका.

## ८. ताळा आणि सुपूर्द करणे

ताळा दोन फेऱ्यांत करा, दोन वेगळ्या वेळी. पहिल्या फेरीत फक्त आकडे: एक जण मूळ प्रतीतले आकडे मोठ्याने वाचेल, दुसरा मराठी प्रतीवर खुणा करेल. शब्द वाचायचे नाहीत. शब्द वाचू लागलो की डोळा आकड्यावरून घसरतो. दुसऱ्या फेरीत फक्त मराठी प्रत, मूळ बंद करून, सलग.

मराठी मजकूर चौकटीत जास्त जागा घेतो, त्यामुळे तक्त्याच्या ओळी कापल्या जातात आणि पडद्यावर ते कळत नाही. पीडीएफ काढून प्रत्येक तक्त्याचे शेवटचे रकाने आणि तळटिपा पाहा. जोडाक्षरे तुटली नाहीत ना, हेही तिथेच दिसते.

सोबत तीन फाइली द्या: मराठी अहवाल, संज्ञांचा तक्ता आणि शंकांची यादी. यादीत प्रत्येक शंकेपुढे उत्तर कुणी आणि कोणत्या तारखेला दिले ते लिहा. जिथे उत्तर आले नाही, तिथे तुम्ही कोणता अर्थ धरून पुढे गेलात ते नोंदवा आणि अहवालातली ती ओळ रंगवून ठेवा, म्हणजे सही करणाऱ्याला सहीआधी ती दिसेल.